एक्स-रेची पेपरफुटी

नोव्हेंबर 2017 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका गटाने एक शोधनिबंध इंटरनेटवर ठेवला. त्यांच्या संगणकप्रणालीचं नाव होतं चेक्सनेट. छातीचा एक्स-रे पाहून न्यूमोनिया ओळखण्यात ही प्रणाली रेडिओलॉजिस्टच्या तोडीची, किंबहुना काकणभर सरस आहे, असा त्यांचा दावा होता. बातमी जगभर गेली. रेडिओलॉजिस्टांच्या नोकऱ्यांचं काय होणार, यावर चर्चा झडल्या. त्या गदारोळात काही जाणकारांनी निबंधातल्या एका साध्या वाक्यावर बोट ठेवलं. त्या बोटामागचा हिशेब कुणालाही समजण्यासारखा आहे.

चेक्सनेटला शिकवण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, खुला केलेला छातीच्या एक्स-रेंचा साठा वापरला होता. त्यात 1,12,120 फिल्म होत्या आणि त्या 30,805 माणसांच्या होत्या. पहिल्या संख्येला दुसरीने भागलं की उत्तर साडेतीनच्या थोडं वर येतं. म्हणजे सरासरीने दर माणसाच्या साडेतीन फिल्म. प्रत्यक्षात कुणाची एकच फिल्म असते, तर वॉर्डात महिनाभर पडून असलेल्या रुग्णाच्या डझनावारी. निबंधाच्या पहिल्या आवृत्तीत लिहिलं होतं, की या साठ्याची यदृच्छेने विभागणी केली, मोठा भाग शिकवण्यासाठी आणि उरलेला तपासण्यासाठी. पण विभागणी कशाची? फिल्मची, की माणसांची? पहिल्या आवृत्तीत ती फिल्मची होती.

आपल्याकडे परीक्षेच्या काळात पेपर फुटल्याच्या बातम्या येतात. पेपर फुटला की त्या परीक्षेतले गुण विद्यार्थ्याच्या अभ्यासाबद्दल काही सांगत नाहीत, ते फक्त पेपर कुणाच्या हाती लागला ते सांगतात. यंत्राच्या अभ्यासातही असंच होतं. शिकवताना दाखवलेल्या साहित्याचा अंश तपासणीच्या साहित्यात शिरला, तर त्याला डेटाची गळती म्हणतात. फरक एवढाच, की इथे बहुतेक वेळा कुणी लबाडी केलेली नसते. फिल्म फेटून वाटणं हे संगणकावर एका ओळीचं काम आहे. ती ओळ लिहिताना एकाच माणसाच्या दोन फिल्म दोन वेगळ्या ढिगांत पडतात, हे लक्षातच येत नाही.

एकाच माणसाच्या दोन फिल्ममध्ये एवढं काय सारखं असतं? एक्स-रे विभागात काम केलेल्या कुणालाही विचारा. बरगड्यांची ठेवण, हृदयाच्या सावलीचा आकार, कधीकाळी मोडून पुन्हा जुळलेलं गळ्याजवळचं हाड, बायपासनंतर छातीच्या मधल्या हाडात राहिलेल्या तारा, पेसमेकरचा डबा. सोमवारची फिल्म आणि बुधवारची फिल्म एकाच माणसाची असेल, तर अनुभवी तंत्रज्ञ नाव न वाचता सांगतो. लाखो आकड्यांच्या जाळ्याने बनलेलं यंत्र हे त्याच्याहून सहज करतं. आणि त्या माणसाला सोमवारी न्यूमोनिया असेल, तर बुधवारी असण्याची शक्यता मोठी. म्हणजे बुधवारच्या फिल्मवर न्यूमोनिया ओळखायला फुप्फुसाकडे पाहण्याची गरजच नाही. माणूस ओळखला की उत्तर आठवतं.

चेक्सनेटच्या गटाने चूक लगेच दुरुस्त केली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. त्या वर्षअखेरीच्या सुधारित आवृत्तीत विभागणी माणसांची होती: शिकवण्यासाठी 28,744 रुग्णांच्या 98,637 फिल्म, जुळणी करण्यासाठी 1,672 रुग्णांच्या 6,351, आणि अंतिम तपासणीसाठी 389 रुग्णांच्या 420. कुठलाही रुग्ण दोन ढिगांत नाही, हेही स्पष्ट लिहिलं होतं. मुख्य दावा त्यांनी कायम ठेवला. असा निबंध हाती आला की मी निकालांचा तक्ता बाजूला ठेवतो आणि पद्धतीच्या भागात आधी हेच वाक्य शोधतो. दर ढिगात फिल्म किती आणि माणसं किती, या दोन्ही संख्या शेजारी-शेजारी दिल्या असतील तर लिहिणाऱ्याने याचा विचार केलेला असतो. फक्त फिल्मची संख्या असेल, माणसांची कुठेच नसेल, तर पुढचे सगळे आकडे मी पेन्सिलने लिहिल्यासारखे वाचतो. खोडावे लागतील या तयारीने.

इथे कुणी म्हणेल, गळती असली तरी तिने असा कितीसा फरक पडतो? दोन-चार टक्के? या प्रश्नाला सडेतोड उत्तर देणारा एक प्रयोग 2021 मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात आला. तो एक्स-रेवर नव्हता, मेंदूच्या एमआरआयवर होता. एमआरआयमध्ये एका डोक्याचे पावाच्या कापांसारखे अनेक आडवे छेद मिळतात. पुष्कळ अभ्यासांत हे छेद फेटून वाटले जात, त्यामुळे एकाच डोक्याचा एक काप शिकवणीत आणि त्याच्या शेजारचा काप परीक्षेत जाई. संशोधकांनी ओॲसिस नावाच्या खुल्या साठ्यातली माणसं घेतली आणि त्यांना चक्क चिठ्ठ्या टाकून ‘आजारी’ आणि ‘निरोगी’ ठरवलं. या लेबलांना काहीच अर्थ नव्हता. मेंदूत कितीही शोधलं तरी शिकण्यासारखं काही नव्हतंच. माणसं वेगळी ठेवून तपासलं तेव्हा यंत्र सुमारे 50 टक्के बरोबर आलं, म्हणजे नाणेफेक. तसंच यायला हवं होतं. आणि काप फेटून वाटले तेव्हा? सुमारे 96 टक्के.

या आकड्यापाशी जरा थांबायला हवं. अस्तित्वातच नसलेला आजार 96 टक्के अचूकतेने ओळखला गेला. शोधनिबंधाच्या गोषवाऱ्यात 96 टक्के असं छापलेलं असतं तेव्हा त्या आकड्याच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नाही, की तो आजार ओळखल्याचा आहे की माणूस ओळखल्याचा. ते फक्त विभागणीच्या त्या एका वाक्यावरून कळतं.

गळतीच्या आणखीही वाटा आहेत. फिल्म थोडी फिरवून, आरशासारखी उलटी करून तिच्या प्रती वाढवायची पद्धत आहे. ही वाढ विभागणीच्या आधी केली तर एकाच फिल्मच्या प्रती दोन्ही ढिगांत जातात. दोन खुले साठे एकत्र केले आणि दुसऱ्यात पहिल्याचाच काही भाग आधीपासून मिसळलेला असेल, तरी तेच. कोविडच्या पहिल्या वर्षात असे एकमेकांत शिरलेले साठे पुष्कळ वापरले गेले. आणि सर्वांत शांतपणे घडणारी गळती म्हणजे अंतिम तपासणीचा ढीग पुन्हा-पुन्हा उघडणं. वीस प्रकारची यंत्रं बनवायची, प्रत्येक त्याच ढिगावर चालवायचं, सर्वांत चांगलं आलेलं छापायचं. यात रुग्ण मिसळलेले नसतात, तरी पेपर फुटलेलाच असतो.

आता समजा, विभागणी चोख आहे. माणसं वेगळी, प्रती नंतर वाढवलेल्या, अंतिम ढीग एकदाच उघडलेला. मग निकालावर विश्वास ठेवायचा का? याचं उत्तर शोधताना मला 2018 मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये आलेला जॉन झेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास सर्वांत उपयोगी वाटत आला आहे. नवं यंत्र बनवून त्याची वाहवा करण्याचा त्यांचा उद्देशच नव्हता. यंत्र नेमकं काय पाहून उत्तर देतं, हे त्यांना शोधायचं होतं.

त्यांनी तीन ठिकाणच्या छातीच्या फिल्म घेतल्या. एक तोच एनआयएचचा साठा. दुसरा न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयाचा, 12,904 रुग्णांच्या 42,396 फिल्म. तिसरा इंडियाना विद्यापीठाच्या रुग्णालयांच्या जाळ्यातला, 3,683 रुग्णांच्या 3,807 फिल्म. एनआयएचच्या फिल्मपैकी 1.2 टक्के न्यूमोनियाच्या होत्या, इंडियानाच्या 1 टक्का, आणि माउंट सायनायच्या तब्बल 34.2 टक्के. एनआयएच हे संशोधनाचं रुग्णालय, तिथे येणारे रुग्ण वेगळे. माउंट सायनायच्या साठ्यात वॉर्डात आणि तातडीच्या विभागात काढलेल्या फिल्म भरपूर. त्यामुळे हा फरक समजण्यासारखा आहे. पण लक्षात ठेवावा असाही आहे, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आधी त्यांनी यंत्राला न्यूमोनिया शिकवलाच नाही. फिल्म पाहून ती कुठल्या रुग्णालयातली हे सांग, एवढंच शिकवलं. एनआयएचच्या 22,062 फिल्मपैकी यंत्राच्या 12 चुकल्या. माउंट सायनायच्या 8,388 पैकी 2. रेडिओलॉजिस्टला हे जमणार नाही, जमवायचं त्याला कारणही नाही. यंत्राला कसं जमलं? एक खूण उघड होती. एक्स-रे काढताना तंत्रज्ञ डावी-उजवी बाजू कळावी म्हणून धातूचा छोटा मार्कर, एल किंवा आर अक्षराचा, फिल्मच्या कोपऱ्यात ठेवतो. दर रुग्णालयाचा मार्कर वेगळा, ठेवण्याची जागा वेगळी. यंत्राचं लक्ष कुठे आहे हे रंगांनी दाखवलं, तेव्हा ते या कोपऱ्यांवर खिळलेलं दिसलं. पण मार्कर झाकून प्रश्न सुटत नव्हता. प्रत्येक ठिकाणचं मशीन वेगळं, चित्र साठवताना ते आवळण्याची पद्धत वेगळी, काळ्या-पांढऱ्याची मात्रा वेगळी. फिल्मच्या निरनिराळ्या तुकड्यांतूनही रुग्णालय ओळखू येत होतं.

ही खूण न्यूमोनियाच्या परीक्षेत कशी कामी येते, ते पाहू. त्यासाठी अशा निबंधांत सतत भेटणारा एक आकडा समजून घ्यावा लागेल. त्याला एयूसी म्हणतात. अर्थ साधा आहे: साठ्यातून एक आजारी आणि एक निरोगी माणूस चिठ्ठी टाकून उचला, यंत्राने आजारी माणसाला जास्त गुण दिले तर ते जिंकलं. अशा हजारो जोड्यांत यंत्र किती वेळा जिंकतं, ते प्रमाण म्हणजे एयूसी. 0.5 म्हणजे नाणेफेक, 1 म्हणजे कधीच न चुकणं. बरोबरी झाली तर अर्धा गुण.

आता एनआयएच आणि माउंट सायनायच्या फिल्म एका ढिगात घाला आणि असं यंत्र कल्पा, की ज्याला वैद्यकातलं ओ की ठो कळत नाही. त्याला एकच गोष्ट येते. फिल्म माउंट सायनायची असेल तर जास्त गुण, एनआयएचची असेल तर कमी. दिलेल्या संख्यांवरून गणित करू. माउंट सायनायचे न्यूमोनियाचे फिल्म साधारण 14,500, एनआयएचचे साधारण 1,350. म्हणजे ढिगातल्या दर 100 आजारी फिल्मपैकी 91-92 माउंट सायनायच्या. उलट निरोगी फिल्मपैकी साधारण 80 टक्के एनआयएचच्या. आजारी फिल्म माउंट सायनायची आणि निरोगी एनआयएचची अशी जोडी 73 टक्के वेळा जमते, तिथे आपलं अडाणी यंत्र जिंकतं. साधारण 25 टक्के जोड्यांत दोन्ही फिल्म एकाच रुग्णालयाच्या असतात, तिथे अर्धा गुण, म्हणजे साडेबारा. बेरीज 85-86. संशोधकांनी त्यांच्या साठ्यावर हेच मोजलं तेव्हा एयूसी आला 0.861.

फुप्फुसाकडे ढुंकूनही न पाहता 0.861. या विषयातल्या बऱ्याच निबंधांत यापेक्षा कमी आकडा अभिमानाने छापलेला असतो.

मग त्यांनी खरोखर न्यूमोनिया शिकवलेलं यंत्र याच एकत्र साठ्यावर तपासलं. माणसं वेगळी ठेवून, चोख. एयूसी 0.931. आणि तेच यंत्र, एकही बदल न करता, इंडियानाच्या फिल्मवर चालवलं. एयूसी 0.815. कारण पडताळायला त्यांनी दोन्ही रुग्णालयांतलं न्यूमोनियाचं प्रमाण मुद्दाम खालीवर केलं. प्रमाण सारखं ठेवलं, तर ‘हे कुठलं रुग्णालय’ ही खूण निकामी होते. एका ठिकाणचं प्रमाण दसपट केलं, तर ती खूण सोन्याची होते. दसपट केल्यावर घरच्या परीक्षेतले गुण वाढले, इंडियानात ती वाढ टिकली नाही. यंत्र हुशार झालं नव्हतं. त्याला गाव ओळखून आजार सांगण्याची आणखी सवय लागली होती.

ही वाट फक्त दोन रुग्णालयांत असते असंही नाही. एकाच माउंट सायनायमध्ये फिल्म वॉर्डातली की तातडीच्या विभागातली, हेही यंत्र ओळखत होतं, आणि वॉर्डात न्यूमोनियाचं प्रमाण जास्त होतं. त्यातून पोर्टेबल मशीनचा मुद्दा येतो. जो माणूस उठून एक्स-रे विभागात जाऊ शकत नाही त्याच्या खाटेशी मशीन नेतात, आणि कित्येकदा फिल्मवर ‘पोर्टेबल’ असा शब्दही उमटतो. म्हणजे डॉक्टरला हा माणूस जास्त आजारी आहे हे आधीच कळलेलं असतं, आणि यंत्र डॉक्टरचं ते मत फिल्मच्या कडेवरून वाचतं.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण पुन्हा एनआयएचच्याच साठ्यात सापडलं. छातीच्या पोकळीत हवा भरून फुप्फुस दबतं त्या आजारावर, न्यूमोथोरॅक्सवर, छातीत नळी घालून हवा बाहेर काढतात. ऑस्ट्रेलियातल्या रेडिओलॉजिस्ट लॉरेन ओकडेन-रेनर यांनी या साठ्यातल्या फिल्म एकेक करून डोळ्यांखालून घातल्या. न्यूमोथोरॅक्सच्या बहुतेक फिल्ममध्ये नळी आधीच घातलेली होती. त्यांच्या गटाने 2020 मध्ये छापलेले आकडे असे: नळी असलेल्या रुग्णांत यंत्राचा एयूसी 0.94, नळी नसलेल्यांत 0.77. ज्याचं निदान होऊन उपचारही झाले त्याला यंत्र झटकन ओळखत होतं. ज्याला अजून कुणी ओळखलेलं नाही, ज्याच्यासाठी हे यंत्र हवं होतं, तिथे ते अडखळत होतं. सरासरी आकड्यात हे दोघे एकत्र मिसळून गेले होते. कुणी फिल्म हातात धरून पाहिल्या नसत्या, तर कळलंही नसतं. शोधनिबंधात लेखकांनी स्वतः किती फिल्म पाहिल्या, चुकलेल्या फिल्म कुठल्या होत्या, हे लिहिलेलं आढळलं की माझा त्या निबंधावरचा भरवसा वाढतो.

म्हणून बाहेरची पडताळणी लागते, ज्या रुग्णालयाची एकही फिल्म शिकवणीत नव्हती तिथल्या फिल्मवर. 2019 मध्ये कोरियातल्या संशोधकांनी वैद्यकीय चित्रांवरच्या 516 अभ्यासांची छाननी केली. अशी बाहेरची पडताळणी त्यातल्या 31 अभ्यासांत, म्हणजे 6 टक्क्यांत होती. त्यानंतर जाणीव वाढली आणि ‘बाह्य पडताळणी’ असा मथळा निबंधांत दिसू लागला. मथळा दिसला की वाचणारा निर्धास्त होतो. पण या मथळ्याखाली काय काय खपतं, ते पाहायला हवं.

त्याच रुग्णालयाच्या पुढच्या वर्षीच्या फिल्म ‘बाहेरच्या’ म्हणून येतात. मशीन तेच, तंत्रज्ञ तेच, मार्कर तेच. याला काही किंमत आहे, पण ते घर बदलणं झालं, गाव बदलणं नव्हे. दुसरा प्रकार म्हणजे बाहेरून आणलेला साठाच शिवून बनवलेला असणं. कोविडच्या काळात आजारी फिल्म एका ठिकाणाहून आणि निरोगी किंवा साध्या न्यूमोनियाच्या दुसऱ्या ठिकाणाहून आणल्या जात. त्यातला एक लोकप्रिय साठा चीनमधल्या ग्वांगझूच्या रुग्णालयातल्या 1 ते 5 वर्षांच्या मुलांचा होता. कोविडच्या फिल्म मोठ्या माणसांच्या, तुलनेच्या फिल्म लहान मुलांच्या. यंत्र वय ओळखायला शिकलं तरी परीक्षेत पहिलं येणार. इटलीतल्या दोघा संशोधकांनी तर फिल्ममधला फुप्फुसांचा भागच काळ्या चौकोनाने झाकला आणि यंत्र तरीही ढीग ओळखत राहिलं. 2021 मध्ये केंब्रिजच्या नेतृत्वाखालच्या गटाने कोविडच्या चित्रनिदानाचे 2,212 अभ्यास गोळा करून चाळले, किमान दर्जाचे 62 उरले, आणि त्यातलं एकही यंत्र रुग्णासाठी वापरण्याजोगं नाही असा निष्कर्ष काढला. बाहेरच्या साठ्याबद्दल म्हणूनच विचारायचं: आजारी आणि निरोगी दोघे एकाच दारातून आले होते का?

तिसरी गोष्ट आकाराची, आणि इथे झेक यांच्या अभ्यासालाही तपासून पाहू. इंडियानाच्या 3,807 फिल्म ऐकायला भरपूर वाटतात. पण न्यूमोनिया 1 टक्का, म्हणजे आजारी फिल्म चाळिसाच्या आसपास. एयूसीच्या जोडीत एक आजारी हवाच, म्हणून सगळा निकाल त्या चाळिसांवर तोलला जातो. त्यामुळे 0.815 या आकड्याभोवती त्यांनी दिलेली मर्यादा आहे 0.745 ते 0.885. एवढी ऐसपैस. घसरण झाली हे नक्की, कारण वरची कडही 0.931 पर्यंत पोहोचत नाही. पण नेमकी किती झाली, हे तेवढ्या फिल्मवरून सांगता येत नाही. त्यांनी ही मर्यादा छापली म्हणून आपण हे बोलू शकतो. एकूण फिल्मचा आकडा मोठा लिहायचा आणि त्यात आजारी किती हे सांगायचंच नाही, असे निबंध मी बरेच वाचले आहेत. आणखी एक अडचण: या साठ्यात कोणाला न्यूमोनिया आहे, हे रेडिओलॉजिस्टच्या रिपोर्टमधून ठरवलं होतं, आणि एनआयएच व माउंट सायनायचे लाखावर रिपोर्ट माणसाने नव्हे, भाषा वाचणाऱ्या संगणकप्रणालीने वाचले होते. दर रुग्णालयात रिपोर्ट लिहिण्याची धाटणी वेगळी असते. तेव्हा घसरणीतला काही भाग यंत्राचा आणि काही उत्तरपत्रिकेचाच असू शकतो.

उत्तरपत्रिका वेगळी आणि ठाम असेल तर काय होतं, ते ढाक्यात पाहायला मिळालं. 2021 मध्ये ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये छापलेल्या या अभ्यासात क्षयरोग ओळखणाऱ्या पाच व्यावसायिक प्रणाली एकाच वेळी तपासल्या. त्यातली एक, क्यूएक्सआर, मुंबईच्या कंपनीची. ढाक्यातल्या तीन तपासणी केंद्रांवर आलेल्या 23,954 माणसांच्या फिल्म होत्या, आणि कुठल्याही प्रणालीने त्या आधी पाहिल्या नव्हत्या. तपासणी कंपन्यांनी नव्हे, त्यांच्याशी संबंध नसलेल्या संशोधकांनी केली. आजारी कोण, हे कुणाच्या रिपोर्टवरून ठरवलं नाही. प्रत्येकाचा बेडका जीनएक्स्पर्ट मशीनवर तपासला होता. म्हणजे यंत्र फिल्म पाहणार आणि उत्तर थुंकीतल्या जंतूंकडून येणार, दोघांची गाठभेट होण्याची सोयच नाही. आजारी आणि निरोगी त्याच रांगेत उभे होते, त्याच मशीनसमोर श्वास रोखून. जंतू सापडलेली माणसं होती साडेतीन हजारांहून अधिक. इंडियानाच्या चाळिसांशी ताडून पाहा.

प्राथमिक चाळणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा अशी होती: 100 आजाऱ्यांपैकी 90 पकडावेत, आणि ते साधताना 100 निरोग्यांपैकी किमान 70 जणांना विनाकारण अडवू नये. पाचांपैकी दोनच प्रणाली या रेषेपलीकडे गेल्या, मुंबईची आणि नेदरलँड्समधली कॅडफोरटीबी. क्यूएक्सआरने 70 च्या जागी 74 सोडले. घरच्या परीक्षेतल्या 96 टक्क्यांसमोर हा आकडा किरकोळ दिसतो. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण तो रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसांचा आहे.

आणि त्याच तक्त्यांत खाली एक गोष्ट आहे. पाचही प्रणाली साठीपुढच्या माणसांत आणि ज्यांना आधी क्षयरोग होऊन गेला आहे त्यांच्यात कमी पडल्या. बऱ्या झालेल्या क्षयरोगाचे व्रण फुप्फुसावर राहतात, आणि फिल्मवर जुना व्रण कोणता व नवा आजार कोणता हे यंत्राला नीट उमगत नव्हतं. धारावीत किंवा मेळघाटात तपासणीची गाडी उभी राहते तेव्हा तिच्यासमोरच्या रांगेत अशी माणसं पुष्कळ असतात. तेव्हा पुढच्या वेळी कुणी यंत्राच्या अचूकतेचा आकडा समोर ठेवला, की मी विचारणार आहे: ज्या फिल्मवर हा आकडा निघाला, त्यात एकदा औषधं पूर्ण करून पुन्हा खोकत आलेली माणसं किती होती?